ट्यूब लावली की वांग फिकं, थांबवली की दुप्पट. काय करावं?

अनघा_परभणी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढायले. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३४, दोन लेकरं. धाकट्याच्या वेळी सहाव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलं. सासूबाई म्हणल्या, बाळंतपण झालं की जातंय. थोडं फिकं झालं, पण गेलं नाही. मागच्या वर्षापासून तर परत गडद होत गेलं. लग्नकार्यात बायका आधी गालाकडं बघतात, मग बोलतात.

दिवाळीनंतर गल्लीतल्या मेडिकलवर विचारलं तर त्यानं एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसात सगळ्या विचारायल्या, काय लावतेस म्हणून. मी दोघींना नावही सांगितलं. मग रोजचं झालं. आधी फक्त डागावर, नंतर पूर्ण चेहऱ्यावर, कधी सकाळीही. दिवाळी ते होळी १५ ग्रॅमच्या सात ट्यूबा संपल्या.

होळीनंतर माहेरी गेले तेव्हा ट्यूब न्यायची राहिली. चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद, आग आग, बारीक पुटकुळ्या. वांग आधीपेक्षा काळं आणि मोठं. परत आले, ट्यूब लावली, दोन दिवसांत शांत. तेव्हापासून तीनदा थांबवून बघितली, तीनदा तेच. आता गालावर बारीक लवही वाढलीय आणि उन्हात गेलं की चटके बसतात.

काम फिरतीचं आहे, स्कूटीवर रोज चार-पाच गावं, अकरा ते चार. स्कार्फ बांधते, गॉगल लावते. तरी स्कार्फच्या आतलं वांग कसं काय वाढतं? ट्यूब बदलू का?

सुनीताकाकू (सोमवार, रात्री १०.०५)

अनघा, बाई आधी ते केमिकल फेकून दे. वांगावर जायफळ. सहाणेवर दुधात उगाळायचं, रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. आमच्या आईनं आम्हा चौघी बहिणींना हेच केलं. लिंबाची फोड चोळली तरी डाग उतरतो. आणि पोटातली उष्णता कमी कर, सब्जा घे. वांग पोटातून येतं.

गोदाकाठ (सोमवार, रात्री १०.३१)

ताई, मी बी.फार्म.ला आहे, नांदेडला. ट्यूबच्या डबीवर मागं काय लिहिलंय ते टाका. माझा अंदाज आहे त्यात स्टेरॉईड आहे. तसं असेल तर आजच, आत्ताच बंद करा. एक दिवसही लावू नका. चेहरा पेटला तर पेटू द्या, विष बाहेर पडतंय समजा.

अनघा_परभणी (सोमवार, रात्री १०.५२)

@गोदाकाठ डबीवर असं आहे: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. खाली लाल पट्टीत बारीक अक्षरात इंग्रजीत काहीतरी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा अर्थाचं. मला तर कुणी चिठ्ठी मागितली नाही. हा ट्यूबचा फोटो.

संचालक (सोमवार, रात्री ११.१०)

फोटोत कंपनीचं आणि दुकानाचं नाव दिसत होतं म्हणून काढला आहे. घटक लिहिले आहेत तेवढे पुरेत. चर्चा चालू द्या.

माजलगावकर (मंगळवार, सकाळी ६.४८)

आमच्या मोठ्या भावालाही हेच आहे. कपाळाच्या कडेला, मानेला मागून, काखेत काळं काळं झालंय, मखमलीसारखं जाडसर हाताला लागतं. घासून घासून थकला, निघत नाही. वजन ९६ किलो. त्यालाही हीच ट्यूब चालेल का? मेडिकलला मिळते म्हणता तर आजच आणतो.

जालनाकर_मीनल (मंगळवार, सकाळी ९.१५)

अनघाताई, सेम टू सेम. मला पार्लरमध्ये पील करून घ्या म्हणाले होते, तीन केले, दोन महिने छान आणि एप्रिलमध्ये परत जैसे थे. आता माझी जाऊ गोळी घेते, ट्रॅनेक्सामिक का काहीतरी, २५० ची, दिवसातून दोनदा. पाळीत जास्त जातं तेव्हा देतात ना तीच. तिचं वांग खरंच निम्मं झालंय. ट्यूबच्या भानगडीत पडण्यापेक्षा गोळी बरी. मेडिकलला सहज मिळते.

त्वचावैद्य_लातूर (मंगळवार, दुपारी २.२०)

ओपीडी संपवून आत्ता धागा वाचला. अठरा वर्षं लातुरात त्वचेचे पेशंट बघते आहे. अनघा, तुमची पहिली पोस्ट वाचताना वाटलं की आमच्याच बाकावर बसलेल्या एखादीनं लिहिली आहे. आठवड्याला अशा दोन-तीन तरी येतात.

माजलगावकरांना आधी सांगते, कारण ते आजच दुकानात निघालेत: आणू नका. मानेवर, काखेत, मखमलीसारखं जाडसर काळं म्हणजे वांग नव्हे. वांग सपाट असतं, बोट फिरवलं तर काही लागत नाही, आणि ते मानेमागं किंवा काखेत जात नाही. भावाची उपाशीपोटी साखर तपासून घ्या. ते काळं चेहऱ्यावर दिसतं, पण त्याचा धागा बहुतेक वेळा वजनाशी आणि इन्सुलिनशी जोडलेला असतो. घासणं बंद करायला सांगा, घासून ते वाढतं.

आता ट्यूब. ही तीन औषधांची एकत्र मोट आहे. कल्पना जुनी आहे, १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या दोघांनी मांडली. हायड्रोक्विनोन रंग तयार होण्याचं काम मंद करतं. ट्रेटिनॉइन वरची कात लवकर उतरवतं, आणि त्यानं त्वचा लाल होते, चुरचुरते. ती चुरचुर दाबायला तिसरं, म्हणजे स्टेरॉईड. कल्पना वाईट नाही. नीट वापरली तर आजही आम्ही देतो: फक्त रात्री, फक्त डागावर, थोडे आठवडे, आणि मध्ये एकदा बोलावून बघतो. घोळ असा की आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉईड म्हणून मोमेटासोन आहे. चेहऱ्याच्या पातळ कातडीसाठी ते महिनोन्महिने लावायला फारच जोरकस पडतं.

पहिल्या पंधरा दिवसांतला तो उजाळा आठवा. त्यात वांग गेल्याचा वाटा थोडा होता, स्टेरॉईडनं चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याचा वाटा जास्त होता. म्हणून जिथं वांग नव्हतं तिथंही तुम्ही गोऱ्या दिसायला लागलात, आणि म्हणूनच हात पूर्ण चेहऱ्यावर गेला. पाच महिन्यांत सात ट्यूबा म्हणजे १०५ ग्रॅम. डागापुरती लावली असती तर एक ट्यूब महिना-दीड महिना सहज पुरते.

महिने गेले की कातडी पातळ होते, आतल्या बारीक लाल रेषा दिसायला लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. पातळ झालेली कातडी उन्हाला आधीपेक्षा लवकर चिडते. आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा स्वभाव असा की ती चिडली की काळवंडते. म्हणजे वांगासाठी लावलेल्या ट्यूबनं वांगाचंच रान तयार झालं.

गोदाकाठ, तुझं निदान अचूक, सल्ला अर्धा. स्टेरॉईड बंद व्हायलाच हवं, पण पाच महिने दोन वेळ लावलेलं एका रात्रीत तोडलं की काय होतं ते अनघांनी तीनदा लिहिलंय. विष बाहेर पडत नसतं रे बाबा. दाबून ठेवलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल सुटतात आणि दाह उसळतो. ती आग सहन होत नाही, माणूस चौथ्या दिवशी परत ट्यूब उचलतो, आणि गाठ आणखी घट्ट होते. कुणाला सौम्य स्टेरॉईडवर आणून एक दिवसाआड करत उतरवतो, कुणाला थेट बंद करून दुसऱ्या औषधाचा टेकू देतो. ते चेहरा बघून ठरतं, धाग्यावर ठरत नाही. अनघा, परभणीत त्वचेचे डॉक्टर आहेत, या आठवड्यात जा. जाताना ती डबी न्या, विसरू नका.

दोन प्रश्न आहेत. कुटुंब नियोजनासाठी काय घेता? आणि स्कार्फ कसला आहे?

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी २.५५)

मान्य मॅडम. आम्हाला शिकवलंय की अशी क्रीम शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत आहेत, २०१८ ला बरीच स्टेरॉईड मलमं त्यात घेतली. पण दुकानात उभं राहिलं की वेगळंच दिसतं. आमच्या ट्रेनिंगच्या दुकानात लोक 'गोरं व्हायची' म्हणून मागतात, नावानं. नाही म्हणलं तर शेजारच्या दुकानात जातात.

सुनीताकाकू (मंगळवार, दुपारी ४.१२)

डॉक्टर मॅडम, जायफळाचं काही बोलला नाहीत.

त्वचावैद्य_लातूर (मंगळवार, रात्री ९.०५)

बोलते काकू. जायफळ सहाणेवर कितीही उगाळलं तरी त्यात बारीक कण राहतात आणि त्याचं तेल तिखट असतं. चांगल्या कातडीवर, दुधात पातळ करून, कधीतरी लावलं तर फार बिघडत नसावं, तुमच्या आईंच्या हातचं तर नाहीच. पण अनघांच्या आजच्या चेहऱ्यावर पाणी लागलं तरी झोंबत असेल, तिथं जायफळ म्हणजे भाजल्यावर मीठ. लिंबाला मात्र माझा सरळ विरोध आहे. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि मागं काळा ओघळ उरतो. उसाच्या रसवंतीवर लिंबू पिळणाऱ्याच्या हातावर तसे डाग मी पाहिलेत.

पोटाच्या उष्णतेचं मात्र वांगाशी काही जुळत नाही. सब्जा प्या, उन्हाळ्यात बराच लागतो.

अनघा_परभणी (मंगळवार, रात्री ९.४८)

मॅडम, किती सविस्तर लिहिलंत. रडू आलं वाचताना, खरं सांगते. ज्या दोघींना मी नाव सांगितलं त्यांना आत्ताच फोन केला. एकीनं चारच ट्यूबा वापरल्यात म्हणे. 'चारच' म्हणाली.

धाकटा सहा महिन्यांचा झाल्यावर माला-एन सुरू केली. आशाताई देतात. सव्वा वर्ष झालं. स्कार्फ तो नेहमीचा, फिका गुलाबी, सुती, पातळ. गरम होतं म्हणून पातळच घेते.

थांबा. वांग परत गडद व्हायला लागलं तेही मागच्या वर्षीच. हे जोडलेलं आहे का?

त्वचावैद्य_लातूर (मंगळवार, रात्री १०.३०)

असू शकतं, आणि तारखा जुळतायत. गरोदरपणात वांग येतं ते वाढलेल्या हॉर्मोन्समुळे. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीची दोन्ही औषधं आहेत. म्हणजे ज्या चेहऱ्यानं एकदा गरोदरपणात वांग धरलं, त्याला गोळी तीच आठवण रोज थोडी थोडी करून देते. सगळ्यांना होत नाही. ज्यांना गरोदरपणात झालं होतं किंवा ज्यांच्या आईला-मावशीला आहे, त्यांना होण्याची शक्यता जास्त.

म्हणून गोळी उद्या बंद करू नका! नको असलेलं गरोदरपण आलं तर वांगही वाढेल आणि बाकी सगळंही. आशाताईंकडं किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जाऊन पर्याय विचारा. तांबी आहे, तिच्यात हॉर्मोन नाही. आशाताईंकडंच छाया नावाची आठवड्याची गोळी असते, तिची जात माला-एनपेक्षा वेगळी. अंतरा इंजेक्शन मात्र हॉर्मोनचंच आहे. त्यावरही काहींचं वांग वाढतं. काय योग्य ते त्या तपासून सांगतील.

आणि मीनल, इथंच तुमच्या जावेच्या गोळीचा धोका आहे. ट्रॅनेक्सामिक ॲसिड वांगावर काम करतं, जपानमध्ये १९७९ मध्ये दुसऱ्याच आजारासाठी देताना ते लक्षात आलं, आणि आम्हीही निवडक पेशंटना देतो. पण हे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. इस्ट्रोजेनची गोळीही गुठळीकडं झुकवते. दोन्ही एकत्र म्हणजे पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका विनाकारण वाढवणं. अनघांनी तुमचं ऐकून उद्या मेडिकलवरून ती आणली असती तर माला-एनवर ट्रॅनेक्सामिक झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. जाऊबाईंना विचारा, त्या गर्भनिरोधक गोळी घेतात का, घरात कुणाला गुठळी, लकवा झालाय का, आणि औषध कुणी लिहून दिलं.

जालनाकर_मीनल (मंगळवार, रात्री ११.०२)

विचारलं. लिहून कुणीच दिली नाही, मोबाईलवर व्हिडिओ बघून घेतेय. गर्भनिरोधक नाही, ऑपरेशन झालंय. पण तिच्या वडिलांना पायात गुठळी झाली होती, ते आत्ता बोलताना निघालं. उद्या दाखवायला नेते. मी इथं छातीठोकपणे लिहिलं त्याबद्दल सॉरी.

हळदवाला_वसमत (बुधवार, पहाटे ५.३०)

बायकांचा धागा हाय म्हणून गप वाचत होतो. पण मला बी हाय वांग. वय ४६, दोन्ही गालाच्या हाडावर आन् नाकाच्या शेंड्यावर. पोरं म्हणत्यात, बाबांनी चष्मा काळा लावलाय का काय.

माझं काम हळदीचं. फेब्रुवारी ते एप्रिल, बॉयलरवर हळद शिजवायची, दिवसाला पाच-सहा तास वाफेम्होरं. मग वाळत घातलेली हळद उन्हात फिरवायची. गोळी नाही, बाळंतपण तर नाहीच, क्रीम कधी लावली नाही. मग मला कामून? दरवर्षी एप्रिलात काळंकुट्ट, दिवाळीपातूर थोडं उतरतं.

त्वचावैद्य_लातूर (बुधवार, दुपारी ३.१०)

दादा, बरं झालं लिहिलंत. वांग पुरुषांना होतं, फक्त दाखवायला कुणी येत नाही. तुमच्या बाबतीत ऊन हेच मोठं कारण असणार. एप्रिलमध्ये आपल्याकडं बेचाळीस डिग्री, वर वाळत पसरलेल्या हळदीवरून आणि पत्र्यावरून उलट येणारा उजेड.

वाफेचं विचाराल तर मी तुम्हाला ठाम उत्तर देणार नाही. चुलीपुढं, भट्टीपुढं काम करणाऱ्यांमध्ये वांग जास्त चिवट असतं असं माझ्यासारख्या अनेकांना दिसतं, आणि नुसत्या धगीनंही कातडीत दाह होतो. पण असे लोक बहुधा उन्हातही असतात, त्यामुळं धगीचा वाटा किती आणि उन्हाचा किती हे सुटं करता येत नाही. तुम्ही स्वतः एक गोष्ट करून बघू शकता. पुढच्या हंगामात शिजवायचं काम तुम्ही धरा, फिरवायचं दुसऱ्याला द्या. फरक पडला तर मलाही कळवा.

अनघांचा स्कार्फचा प्रश्न राहिलाय. पातळ, फिका, धुऊन विरलेला सुती स्कार्फ डोळ्यांपुढं धरून खिडकीकडं बघा. पलीकडचं दिसतं ना? तेवढा उजेड गालावर पोचतो. वांगाला नुसती जळवणारी किरणं लागत नाहीत, साधा दिसणारा उजेड, त्यातला निळा भाग, तोही रंग वाढवतो. सावळ्या कातडीवर तर जास्तच. त्यामुळं गच्च विणीचा, गडद रंगाचा कपडा घ्या. गरम होतं हे मला मान्य आहे, पण फिका पातळ स्कार्फ म्हणजे धूळ अडवणारी चाळणी. शिवाय घामानं ओला झालेला कपडा चेहऱ्यावर घासत राहतो. सैल बांधा.

सनस्क्रीनचंही तेच. साध्या पांढऱ्या सनस्क्रीनमधून हा दिसणारा उजेड बराचसा आत येतो. ज्यात आयर्न ऑक्साइड आहे, म्हणजे कातडीच्या रंगाची असते ती, तीच त्याला अडवते. एसपीएफ ३० ते ५० पुरे, १०० च्या मागं लागू नका. लोक चुकतात ते मापात. पहिल्या दोन बोटांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढा, तेवढी चेहरा आणि मानेला लागते. बहुतेक जणी त्याच्या पाव भाग लावतात आणि म्हणतात, पन्नासची लावते तरी फरक नाही. फिरतीच्या कामात दर दोन तासांनी परत लावायची. पण अनघा, तुम्ही ती आज लावू नका. तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आग शांत होऊ द्या, मग.

माजलगावकर (बुधवार, रात्री ८.४०)

भावाची साखर उपाशीपोटी १४२ आली. घरात कुणाला माहीत नव्हतं. उद्या फिजिशियनकडं. धागा वांगाचा होता, आमचं भलतंच निघालं.

जालनाकर_मीनल (बुधवार, रात्री ९.२५)

मॅडम, एक शंका. मी दिवसभर बँकेत बसते, काचेच्या खिडकीजवळ. बाहेर जातच नाही. तरी माझं डाव्या गालावर जास्त आहे. खिडकी डावीकडंच आहे. योगायोग का?

त्वचावैद्य_लातूर (बुधवार, रात्री १०.१५)

योगायोग म्हणता येणार नाही. साध्या काचेत कातडी भाजणारी किरणं अडतात, म्हणून काचेआड बसून लाल होत नाही आणि वाटतं आपण सावलीत आहोत. पण लांब लहरींची अतिनील किरणं आणि सगळा दिसणारा उजेड आरपार येतो. टेबल फिरवता येतं का बघा. साहेबांना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय. वांग बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं, तुमचं एका बाजूला जास्त आहे म्हणून एकदा दाखवूनही घ्या.

अनघा_परभणी (साडेतीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६.३०)

परत आले. त्या शुक्रवारीच डॉक्टरांकडं गेले. डबी बघून ते नुसते हसले, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तसल्या सहा डब्या होत्या, वेगवेगळ्या पेशंटच्या. निळसर दिवा लावून चेहरा बघितला. गालावरच्या लाल रेषा आरशात दाखवल्या, मला त्या आजवर दिसल्याच नव्हत्या.

ट्यूब बंद. रात्री टॅक्रोलिमसचं मलम, सकाळ-संध्याकाळ बिनवासाचं मॉइश्चरायझर, फेसवॉश साधा, बाकी सगळं बंद. स्क्रब, ब्लीच, ओठावरचं थ्रेडिंग, सगळं. ओठावर वांग असताना दर पंधरा दिवसाला थ्रेडिंग करते म्हणल्यावर म्हणाले, मग तिथला डाग जाणार कसा, दर पंधरा दिवसाला तुम्ही तिथं नवी चीड आणताय.

पहिला आठवडा फार वाईट गेला. आधीसारखंच लाल, मलम लावलं की आणखी चुरचुर. चौथ्या रात्री ट्यूब हातात घेतली होती, खोटं नाही बोलत. नवऱ्यानं घेतली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आला. दहाव्या-बाराव्या दिवशी आग उतरली. आता उन्हात चटका बसतो पण कमी.

वांग मात्र तसंच आहे. उलट ठसठशीत दिसतंय, कारण बाकीच्या चेहऱ्याचा तो खोटा गोरेपणा गेला. डॉक्टर म्हणाले, वांगाचं औषध अजून दोन महिने नाही. आधी कातडी जाग्यावर येऊ द्या, मग ॲझेलेइक ॲसिडनं सुरू करू. थायरॉईड तपासायला सांगितलं, नॉर्मल आलं.

माला-एनचं अजून ठरलं नाही. आशाताई तांबी म्हणतात, सासूबाईंना तांबी नको, त्यांच्या एका नातेवाईक बाईला त्रास झाला होता म्हणे. पुढच्या आठवड्यात पीएचसीच्या मॅडमना भेटणार आहे.

गोदाकाठ (रविवार, सायंकाळी ७.१०)

ताई, फोटो काढून ठेवा. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, मेकअप न करता. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

त्वचावैद्य_लातूर (रविवार, रात्री ९.३०)

नवऱ्याला माझा नमस्कार सांगा. गोदाकाठची सूचना चांगली आहे, तसंच करा. तुमच्या डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे. आणि जे मी ओपीडीत सांगते तेच इथं: वांग पुसून जाईल असं मी कुणालाच म्हणत नाही. फिकं होतं, पावडरखाली झाकेल इतकं होतं, आणि एका मे महिन्यात निष्काळजी राहिलात तर परत डोकं वर काढतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढं कधी हायड्रोक्विनोन दिलं तर ते मुदतीपुरतंच. वर्षानुवर्षं लावणाऱ्या काहींच्या गालावर निळसर काळे, वाळूसारखे ठिपके येतात. ते वांग समजून लोक आणखी लावतात. तो डाग मग जवळजवळ निघतच नाही.

सुनीताकाकू (सोमवार, सकाळी ८.२०)

आमच्या चौघींपैकी थोरलीचं वांग काही जायफळानं गेलं नव्हतं, आत्ता आठवलं. तिचं पाळी गेल्यावर आपोआप फिकं झालं. पण माझं गेलं होतं, ते मी मागं घेणार नाही.

हळदवाला_वसमत (सोमवार, सकाळी ८.४५)

मॅडम, ती रंगाची सनस्क्रीन आणली. दोन बोटं भरून लावली आन् बॉयलरवर गेलो. गडी हसायलेत, मालक पावडर लावून हळद शिजवाया आले म्हणून. त्यात घामानं तासाभरात दस्तीला निम्मी निघून आली, दस्ती गव्हाळ झाली सगळी. पाण्यानं न निघणारी मिळती का? आन् माझ्या रंगाची नाही, दुकानात दोनच रंग होते, दोन्ही गोरे.

जालनाकर_मीनल (सोमवार, दुपारी १.०५)

दादा, गडद रंगाची मलाही जालन्यात मिळाली नाही, ऑनलाइन मागवली. मेसेज करते. टेबल फिरवायला साहेब नाही म्हणाले, पण खिडकीला पडदा लावून दिलाय.